उलट्या फेऱ्यांचा पिंपळ

शनिवारी सकाळी सुरतच्या गोडादऱ्यातल्या त्या मोकळ्या प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावर रिक्षांची रांग लागली होती. लिंबायतच्या बाया होत्या, पांडेसऱ्याच्या मिलमधून रात्रपाळी करून तसेच आलेले पुरुष होते, वराछाकडून मोटारीत बसून आलेली दोन-चार गुजराती कुटुंबंही होती. सगळ्यांच्या मधोमध पिंपळाचं झाड, त्याला नवा पार, पारावर शेंदूर लावलेला दगड. माणसं त्या झाडाभोवती गरगर फिरत होती. साधी फिरत नव्हती, उलटी फिरत होती. पिंपळ डाव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, घामाघूम होऊन, जवळजवळ पळत.

पारावर धर्मेंद्र महाराज उभे होते. भगवी शाल, कपाळभर भस्म आणि कॉलरला छोटा माईक.

"घडियाळ कोणत्या बाजूला फिरतं? सुलट. आणि घडियाळ फिरलं की तुमचं आयुष्य वाढतं की घटतं? घटतं. मग तुम्ही उलटे फिरा. काळ मागे जाईल, दुखणं मागे जाईल. शुगर मागे, बीपी मागे, मिरगी मागे. एकशे आठ फेरा, खाली पेट, और दवाई बंद. दवाई म्हणजे देवावर शक. बोलो, शक करवानो?"

"नहीं," गर्दी एका सुरात म्हणाली.

एका वाक्यात तीन भाषा बसवण्याची त्याची हातोटी वाखाणण्याजोगी होती. काळ मागे नेणाऱ्या या माणसाचे स्वतःचे केस तेवढे कानशिलांजवळ पांढरे व्हायचे थांबले नव्हते. हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं एवढंच.

मी श्रीकांत, बँकेत नोकरी करतो. देव मानत नाही. असल्या ठिकाणी स्वतःहून गेलो नसतो. मला घेऊन आली होती माझी बायको शैलजा. ती लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका आहे, आणि देव मानते. रोज पूजा करते, चतुर्थी धरते. आमचं त्यावरून लग्नापासून भांडण आहे आणि आता ते भांडणही घरातल्या जुन्या कपाटासारखं झालं आहे, हलवायचा कुणाला उत्साह नाही. पण त्या सकाळी ती संतापलेली होती. आदल्या दिवशी शाळेत एका पालकाने तिला वाकून नमस्कार केला होता आणि म्हटलं होतं, "बाई, उलट्या फेऱ्यांचा तुमचा व्हिडिओ पाहिला. आईला घेऊन जातो उद्या."

शैलजाने उलट्या फेऱ्यांचा कुठलाच व्हिडिओ केला नव्हता.

केला होता तो प्रदक्षिणेवरचा. महिला मंडळाच्या ग्रुपसाठी, वटपौर्णिमेच्या आधी, आमच्या सोसायटीजवळच्या देवळात. दीड मिनिटाचा. आमचा मुलगा ओंकार तेव्हा सुट्टीत पुण्याहून आला होता, त्यानेच शूट केला होता.

आम्ही गर्दीत शिरलो आणि दोन बायांनी शैलजाला ओळखलं. "त्या बघा, व्हिडिओतल्या ताई," असं म्हणत वाट करून दिली. तिच्याच पायांना हात लावायला एक म्हातारी वाकली. शैलजा काही बोलणार, तेवढ्यात पाराजवळून किंकाळीसारखा आवाज आला आणि फिरणाऱ्यांतली एक मुलगी कोसळली.

ती सोनाली होती. शैलजाची जुनी विद्यार्थिनी. आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या भटू आणि धुरपदाबाईची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची, घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम करणारी. तिला लहानपणापासून फेफरं यायचं. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

आता तिचे हातपाय ताठ झाले होते, डोळे वर गेले होते. कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली. दहा-बारा मोबाइल तिच्यावर रोखले गेले.

"कोणी हात लावू नका," महाराज माईकमधून म्हणाले. "पीडा बाहेर पडते आहे. बघा कशी तडफडते आहे. सोनालीबेन नाही तडफडत, पीडा तडफडते आहे."

शैलजाने चप्पल फेकून दिली. सोनालीच्या डोक्याखाली आपली पर्स सरकवली, तिला कुशीवर वळवलं, जबड्यात बोटं घालायला निघालेल्या एका बाईचा हात धरला. "तोंडात काही घालू नका. बाजूला व्हा, वारा येऊ द्या." झटका थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग ती उठली आणि लोकांना म्हणाली, "तो व्हिडिओ माझा नाही. मी असं कधी सांगितलेलं नाही."

महाराज हसले. "ताई विनयशील आहेत. शास्त्र त्यांच्या मुखातून बोललं, त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही."

गर्दीने टाळ्या वाजवल्या. फसवणाऱ्याकडे उत्तर तयार असतं, कारण त्याला तेवढंच काम असतं.

धुरपदाबाई मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शैलजाने तिला विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"गोया कचरामा टाकी दिन्यात, ताई," ती म्हणाली. गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या. "महाराजनी सांगं. आनि तुम्हीच तं सांगेल शे व्हिडिओमा, उलटा फेरा शास्त्रमा शे."

 रिक्षात बसताच शैलजाने तो व्हिडिओ एका पालकाकडून मागवून घेतला.

घरी येऊन आम्ही दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले, तिचा मूळचा आणि लोकांकडे फिरणारा.

मूळ व्हिडिओत ती पिंपळाभोवती सावकाश चालते आहे आणि सांगते आहे. प्रदक्षिणा म्हणजे ज्याला मान द्यायचा तो उजव्या हाताला ठेवून फिरणं. शब्दातच 'दक्षिण' आहे, म्हणजे उजवा हात. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेला जाताना दिसतो, तीच ही दिशा. किती घालायच्या हे देवागणिक ठरलेलं: देवीला एक, गणपतीला तीन, विष्णूला चार, सूर्याला सात. शंकराला अर्धी, कारण पिंडीवरचं पाणी जिथून वाहून जातं ती पन्हाळ ओलांडायची नाही; तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. पिंपळाला सोमवती अमावास्येला एकशे आठ. वडाला सूत गुंडाळत सात, सात जन्मांच्या कल्पनेने. गावोगावी आकडे बदलतात, त्यावरून भांडू नये. चालायचं कसं? दिवस भरलेली बाई डोक्यावर तेलाने काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालेल तसं, हळूहळू. आणि अर्थ काय? मधे एक स्थिर बिंदू आहे आणि आपलं सगळं फिरणं त्याच्याभोवती आहे, हे पायांना कळावं. शेवटी ती म्हणते, "उलट्या फेऱ्याही शास्त्रात आहेत, पण त्या मृताच्या विधीत, चितेभोवती. देवाभोवती कधीही नाही. आणि हा मनाचा भाव आहे. दुखण्यावर डॉक्टरच लागतो."

दुसऱ्या व्हिडिओत हे सगळं छाटलेलं होतं. ती झाडाभोवती चालते आणि तिचा आवाज येतो, "उलट्या फेऱ्याही शास्त्रात आहेत." संपलं. वाक्याचं डोकं ठेवून धड कापलं होतं.

"पण मी फिरते आहे डावीकडून," शैलजा गोंधळून म्हणाली. "मी तशी फिरलेच नाही."

ते माझ्या लक्षात आलं, कारण मी तिला रोज बघतो. "तुझा पदर बघ."

तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. घड्याळ उजव्या मनगटावर. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर. आरशात दिसतं तसं. व्हिडिओ आडवा उलटवला होता. मोबाइलवर एका बोटाचं काम. उजव्या हाताला असलेलं झाड डाव्या हाताला गेलं आणि सुलटा फेरा उलटा झाला. मागच्या देवळाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली असती, म्हणून तेवढा भाग कापला होता. उजव्या खांद्यावरचा पदर सुरतेत कुणाला खटकला नाही, कारण इथे निम्म्या बायका पदर तसाच घेतात.

धर्मेंद्र महाराज होण्यापूर्वी काय करत होता, ते मी दोन फोन करून शोधून काढलं. लग्नांचे व्हिडिओ मिक्स करून द्यायचा. नवरानवरीला ढगांवरून चालवायचा. आता तो काळ मागे चालवत होता, एवढाच फरक.

त्याच दिवशी दुपारी आम्ही भटूकडे गेलो. भटू डाइंग मिलमध्ये कामाला, खानदेशातल्या पारोळ्याकडचा, कमी बोलणारा माणूस. सोनाली पलंगावर निजली होती, जीभ चावली गेल्यामुळे ओठ सुजला होता. मी त्याला दोन्ही व्हिडिओ दाखवले, आरशाची गोष्ट समजावली. त्याने ऐकून घेतलं.

"व्हिडिओ तुमना चोरा, मान्य शे, भाऊ," तो म्हणाला. "पन दिवाचं काय? तो तं मी सोता देखा. आपसूक पेटना."

तो दिव्याचा व्हिडिओ आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला. सगळ्या सुरतेत फिरत होता. पारावर विझलेली पणती. पांढऱ्या साडीतली एक बाई पिंपळ डाव्या हाताला ठेवून येते, पणतीसमोरून जाते, आणि ती पुढे सरकताच पणती पेटलेली. हातात काडी नाही, काही नाही. बाई फेऱ्या घालत राहते, पणती तेवत राहते. वर ढोल-शंखांचं संगीत.

"स्वतः म्हणजे पाराजवळ उभं राहून पाहिलं का?" मी विचारलं.

"मोबाइलमा," भटू म्हणाला.

मला त्याचा राग आला नाही. आजकाल स्वतः पाहणं म्हणजे हेच.

शैलजाने त्याला गोळ्यांचं विचारलं. धुरपदाबाई तयार होती, भटू नव्हता. "आते दोन शनवार ऱ्हायनात. मधमा सोडं तं पीडा दुप्पट व्हस, असं महाराज म्हनतस." आता दोनच शनिवार राहिलेत, मधे सोडलं तर पीडा दुप्पट होते. हा पट्टा मात्र महाराजांनी पक्का आवळला होता. गोळ्या बंद केल्या की झटके येणारच. ते आले की पीडा निघते आहे म्हणायचं. आणि थांबायचं ठरवलं तर पीडा दुप्पट. कुठूनही गेलं तरी वाट परत पाराकडेच.

सोनाली पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, त्या दिव्याचं खोटं असेल तर पप्पांना दाखवा. मग ते ऐकतील." शाळेत शैलजाने शिकवलेलं मराठी ती तिच्याशी अजून तसंच बोलायची.

त्या दिव्याचं कोडं शैलजाने सोडवलं ते बुधवारी सकाळी, आमच्या देवघरासमोर. मी दाढी करत होतो. तिने हाक मारली. समईची एक वात वाऱ्याने विझली होती आणि धुराची बारीक रेघ वर जात होती.

"विझल्यावर धूर येतो," ती म्हणाली. "पेटण्याआधी येत नाही. तो व्हिडिओ लाव."

लावला. हळू करून पाहिला. पणती पेटण्याआधी धुराची एक रेघ हवेत होती. ती वरून खाली येत होती. खाली येऊन वातीत शिरत होती आणि मग ज्योत उगवत होती.

व्हिडिओ शेवटाकडून सुरुवातीकडे चालवला होता. खरं घडलं ते असं: पणती आधीपासून पेटलेली. बाई झाडाभोवती फेऱ्या घालते, पण पाठमोरी, मागे मागे चालत. शेवटी पणतीसमोर येते, आपल्या अंगाने ती झाकते, चिमटीने वात विझवते आणि मागे मागे निघून जाते. हे उलटं चालवलं की विझलेली पणती पेटते आणि मागे चालणारी बाई सरळ पुढे चालताना दिसते. गंमत म्हणजे चित्रीकरणात ती ज्या दिशेने सरकत होती ती सुलटी, घड्याळाच्या काट्यांची दिशा होती. महाराजांच्या उलट्या फेऱ्यांचा चमत्कार सुलट्या फेऱ्यांनी घडवला होता. संगीत वरून चिकटवलं होतं, नाहीतर पाखरांचा आवाजही उलटा आला असता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर शैलजाने भटूला देवळात बोलावलं. आमच्या पिंपळाखाली पणती लावली. मी मोबाइल धरला. ती पदर खोचून मागे मागे चालली, दोनदा अडखळली, शेवटी वात चिमटीत विझवली. मग मी व्हिडिओ उलटा चालवून भटूच्या हातात दिला.

त्याने एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. पारावर बसला. मोबाइलचा पडदा अंधारा झाला तरी त्याच्याकडेच पाहत होता.

"उद्या सकायले मेडिकल उघडनं का गोया लयतू," तो म्हणाला. उद्या सकाळी दुकान उघडताच गोळ्या आणतो.

"आत्ताच जाऊ," शैलजा म्हणाली. आम्ही लगेच गेलो. जवळच्या दुकानात ती गोळी नव्हती. दुसऱ्यात मिळाली. संध्याकाळी सोनालीने शैलजासमोर गोळी घेतली आणि हसली. शुक्रवारी सकाळी तिला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी आंघोळीला जाताना तिला झटका आला. तो थांबला आणि शुद्ध येण्याआधीच दुसरा आला. मग तिसरा. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत ते थांबले नव्हते. डॉक्टर श्वेता म्हणून तरुण न्यूरॉलॉजिस्ट होत्या, त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. दुपारी त्या बाहेर आल्या. सोनाली गेली होती. गोळ्या एकाएकी बंद केल्या की दबलेले झटके जास्त जोराने परततात, त्यात उपास, ऊन, पळापळ. एका गोळीने एवढं सावरत नाही, असं त्यांनी सांगितलं. "किती आठवडे बंद होत्या?" त्यांनी विचारलं.  उत्तर धुरपदाबाईने दिलं.

स्मशानात भटूने खांद्यावर मडकं घेतलं. भटजींनी त्याला चितेच्या कोणत्या बाजूने जायचं ते सांगितलं. चिता डाव्या हाताला ठेवून तो फिरला. प्रत्येक फेरीला मडक्यावर दगड बसला, पाणी सांडत गेलं. पहिली फेरी झाली तेव्हा तो थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. या फेऱ्या कुठे घालतात हे त्याला आता कळलं होतं. 

दिवस झाल्यानंतरच्या शनिवारी तो आमच्या दारात आला. "चला," एवढंच म्हणाला.

गोडादऱ्याच्या प्लॉटवर गर्दी तेवढीच होती, बहुधा थोडी जास्तच. कारण महाराजांनी नवा व्हिडिओ टाकला होता: सोनाली कोसळते, तडफडते, शैलजा तिला कुशीवर घेते, सोनाली शांत होते. खाली लिहिलेलं, 'पीडामुक्ती. प्रत्यक्ष पाहा.' पन्नास हजारांहून जास्त लोकांनी तो पाहिला होता. मेलेली मुलगी तिथे रोज बरी होत होती.

भटू सरळ पारावर चढला. महाराज दचकले, पण माईक सांभाळून होते. "आवो, भटूभाई. बेटी कशी आहे?"

"जळाली," भटू म्हणाला.

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

मग त्याने खिशातून पणती काढली, पारावर ठेवली, पेटवली. शैलजाने गर्दीतल्याच एका बाईला तिच्याच मोबाइलवर शूट करायला सांगितलं. आमचा मोबाइल असता तर लोकांनी विश्वास ठेवला नसता. भटू पिंपळाभोवती मागे मागे चालला. महाराजांचे दोन चेले त्याला धरायला पुढे झाले, पण पांडेसऱ्याच्या मिलवाल्यांनी त्यांना अडवलं. मुलगी गेलेल्या माणसाला फेरी घालू द्यायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. भटूने वात विझवली. त्या बाईने आपल्याच मोबाइलवर व्हिडिओ उलटा चालवला. पणती पेटली.

मोबाइल हातोहात फिरला. शैलजाने तिचा मूळ व्हिडिओ लावला, पूर्ण, शेवटच्या वाक्यासकट. मग आरशात उलटवून दाखवला. समजावताना तिचा आवाज वर्गातला होता, थकलेला आणि स्पष्ट.

"दिशा महत्त्वाची असं मी मानते," ती म्हणाली. "माझे आईवडील मानत होते. पण माझ्या देवाने कधी कुणाची गोळी बंद करायला सांगितली नाही. जो सांगतो, तो देवाचं काम करत नाही."

कुणी दगड उचलला नाही, कुणी घोषणा दिली नाही. काही माणसं निघून गेली. काहींनी मान हलवली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. एक बाई मला म्हणाली, "त्यांच्या पोरीचा भाव कमी पडला असेल." तिच्या पिशवीत डायबेटिसचं इन्सुलिन होतं, तीन आठवडे न उघडलेलं. शैलजा तिच्याशी बोलत अर्धा तास उन्हात उभी होती. शेवटी ती दवाखान्यात आली. त्या दिवशी आमच्या हाती लागलेलं यश एवढंच.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. गुजरातेतही आता अघोरी प्रथांविरुद्ध कायदा आहे, तो दाखवला. भटूने सही केली. महाराज त्या संध्याकाळनंतर गोडादऱ्यात दिसले नाहीत. शोध चालू आहे असं सांगतात. कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या झाडाखाली, तो काळ मागे फिरवत असेल. शैलजाने पूर्ण व्हिडिओ पुन्हा टाकला, खाली सगळी हकीकत लिहून. तो चारशे लोकांनी पाहिला. सोनालीचा तो व्हिडिओ आम्ही तक्रारी करून तीनदा काढायला लावला. तो दर वेळी नव्या नावाने परत येतो.

हे वाचणाऱ्याला माझं सांगणं आहे. तुम्ही प्रदक्षिणा घालत असाल तर घाला, नसाल तर नका घालू. त्यावरून माझं तुमच्याशी भांडण नाही, घरात एक पुरेसं आहे. पण कुणी व्हिडिओ पाठवला तर तो खरा धरण्याआधी पदर कोणत्या खांद्यावर आहे ते बघा, धूर कुठे चालला आहे ते बघा, बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण झालं का ते ऐका. तो पुढे ढकलण्याआधी थांबा. आणि औषध बंद करायला सांगणारा माणूस भगव्यात असो, पांढऱ्यात असो, तुमच्या घरातला असो, त्याला विचारा की उद्या काही झालं तर तू कुठे असशील.

भटू अजून मिलमध्ये जातो. धुरपदाबाई साड्यांना टिकल्या लावते. सोनालीचं राहिलेलं काम आधी पूर्ण केलं तिने.